आठ मोठे की सात?

*वडिलांच्या निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांपैकी २ लाख रुपये ५ वर्षांसाठी ठेवायचे आहेत. कोथरूडमधली ओळखीची पतसंस्था ८ टक्के सरळव्याज देते, व्याज मुदतीअखेर मुद्दलासकट एकदम. बँक देते ७ टक्के, तिमाही चक्रवाढ. बाबा म्हणतात, आठ साताहून मोठे, त्यात विचार कसला करायचा? पण बँकेच्या पत्रकात त्याच ७ टक्क्यांपुढे 'वार्षिक उत्पन्न ८.३० टक्के' असं छापलंय. मग ७ खरे की ८.३०? आणि पैसे ठेवू कुठे?*
*– एक वाचक, कोथरूड, पुणे*

५ वर्षं पूर्ण झाल्यावर पतसंस्था २,८०,००० रुपये हातात ठेवेल आणि बँक २,८२,९५६. बँक २,९५६ रुपयांनी पुढे. पण हेच पैसे ३ वर्षांसाठी ठेवायचे असते तर तुमचे बाबा बरोबर ठरले असते, आणि ४ वर्षांसाठी असते तर दोन्हीकडे जवळपास तेवढेच पैसे मिळाले असते. तेव्हा आठ मोठे की सात, याला मुदत सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

शाळेत आपण 'द. सा. द. शे. ८' असं लिहायचो. दर साल, दर शेकडा. यातलं दर साल सगळ्यांच्या लक्षात राहतं. शेकडा नेमका कशाचा, हे निसटतं. सरळव्याजात तो शेकडा पहिल्या दिवशीच्या मुद्दलाचा असतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. चक्रवाढीत तो त्या घडीला खात्यावर जेवढी रक्कम उभी आहे तिचा असतो.

आधी पतसंस्था घेऊ. २ लाखांचे ८ टक्के म्हणजे १६,०००. पहिल्या वर्षी १६,०००, पाचव्या वर्षीही १६,०००. हे दिसायला ठीक दिसतं, पण व्याज तुमच्या हातात येत नाहीये, ते संस्थेकडेच साठतंय. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तुमचे २,१६,००० रुपये संस्थेकडे आहेत आणि त्यांवर १६,००० मिळताहेत. म्हणजे त्या वर्षीची वाढ ८ टक्के नाही, ७.४१ टक्के. तिसऱ्या वर्षी २,३२,००० वर १६,०००, म्हणजे ६.९० टक्के. पाचव्या वर्षी २,६४,००० वर १६,०००, म्हणजे ६.०६ टक्के. पावतीवर शेवटपर्यंत ८ लिहिलेले असतात, पण तुमचा पैसा ८ टक्क्यांनी वाढतो तो फक्त पहिल्या वर्षी.

आता बँक. ७ टक्के तिमाही चक्रवाढ म्हणजे दर तीन महिन्यांनी सातचा चौथा हिस्सा, १.७५ टक्के, आणि ते व्याज लगेच मुद्दलात जमा. पहिल्या तिमाहीला २,००,००० वर ३,५०० रुपये. दुसऱ्या तिमाहीला हिशेब २,०३,५०० वर, म्हणून ३,५६१.२५. तिसरीला ३,६२३.५७ आणि चौथीला ३,६८६.९८. वर्षाचे झाले १४,३७१.८०, म्हणजे २ लाखांवर ७.१९ टक्के. साताचे सव्वासात होत आले ते या तीन-तीन महिन्यांच्या जमेमुळे. आणि पुढच्या प्रत्येक वर्षी त्या-त्या वेळच्या रकमेवर वाढ तेवढीच, ७.१९ टक्के. पैसा वाढतो पण टक्का हलत नाही.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

| वर्षअखेर | पतसंस्था (रु.) | त्या वर्षीची वाढ | बँक (रु.) | त्या वर्षीची वाढ |
|---|---|---|---|---|
| १ | २,१६,००० | ८.००% | २,१४,३७२ | ७.१९% |
| २ | २,३२,००० | ७.४१% | २,२९,७७६ | ७.१९% |
| ३ | २,४८,००० | ६.९०% | २,४६,२८८ | ७.१९% |
| ४ | २,६४,००० | ६.४५% | २,६३,९८६ | ७.१९% |
| ५ | २,८०,००० | ६.०६% | २,८२,९५६ | ७.१९% |

यात एक जागा नीट पाहण्यासारखी आहे. टक्केवारीत बँक पुढे जाते तिसऱ्या वर्षीच: ६.९० विरुद्ध ७.१९. पण तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला रक्कम मात्र पतसंस्थेचीच मोठी आहे, १,७१२ रुपयांनी. कारण पहिल्या दोन वर्षांत बँक २,२२४ रुपयांनी मागे पडलेली असते आणि ती थकबाकी आधी भरून काढावी लागते. तिसऱ्या वर्षी त्यातले ५१२ रुपये भरून निघतात, चौथ्या वर्षी १,६९८. चौथ्या वर्षाच्या अखेरीला फरक उरतो १४ रुपयांचा. एका कटिंग चहाचा. पाचवं वर्ष मग निव्वळ बँकेचं.

वेग कधी वाढला आणि माणूस प्रत्यक्षात पुढे कधी गेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवींची तुलना करताना लोक हमखास यातली एकच बघतात. कुणी पहिल्या वर्षाचं व्याज पाहून ठरवतो, तर कुणी 'चक्रवाढ म्हटली की चांगलीच' म्हणून २ वर्षांची ठेवही चक्रवाढीतच करतो आणि तुमच्यासारख्या दरांत चक्क २,२२४ रुपये सोडून देतो.

आता त्या ८.३० कडे. आकडा खोटा नाही, फक्त तो काढण्याची रीत समजून घ्यायला हवी. बँकेकडे ५ वर्षांत एकूण व्याज होतं ८२,९५६ रुपये, म्हणजे मुद्दलाच्या ४१.४८ टक्के. त्याला पाचानं सरळ भागा: ८.३०. बस, एवढंच. म्हणजे पत्रक असं सांगतंय की, 'आमचे ७ टक्के चक्रवाढ ५ वर्षांत जेवढं देतात, तेवढं सरळव्याजानं द्यायचं तर दर ८.३० ठेवावा लागेल.' पतसंस्थेचे ८ सरळव्याजाचेच असल्यामुळे तुमच्या बाबतीत ही तुलना योगायोगानं चोख बसते. ८.३० विरुद्ध ८, बँक पुढे. पतसंस्थेनं ८.३० दिले असते तर दोघी बरोबरीत आल्या असत्या.

घोळ होतो तो हा आकडा दुसऱ्या बँकेच्या दराशेजारी ठेवला की. समजा पलीकडची बँक नुसतंच '७.२५ टक्के, तिमाही चक्रवाढ' असं लिहिते आणि उत्पन्नाचा आकडा छापतच नाही. ८.३० पाहिलेला माणूस तिकडे ढुंकूनही बघणार नाही. प्रत्यक्षात तिथे ५ वर्षांनी २,८६,४५२ रुपये होतात, तुमच्या बँकेपेक्षा जवळजवळ साडेतीन हजार जास्त. एका पाटीवर सरासरी, दुसरीवर दर. वजनं वेगळी, माप वेगळं.

शिवाय 'वार्षिक उत्पन्न' म्हटलेला हा आकडा मुदत वाढवली की आपोआप फुगतो. दर तोच ७ टक्के तिमाही चक्रवाढ ठेवा: १ वर्षासाठी तो ७.१९ येतो, ३ वर्षांसाठी ७.७१, ५ वर्षांसाठी ८.३०, आणि १० वर्षांसाठी चक्क १०.०२. पैसा दरवर्षी वाढतोय तेवढाच, ७.१९ टक्क्यांनी. वाढलेल्या व्याजाला फक्त जास्त मोठ्या मुदतीनं भागलंय. म्हणून पत्रकात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा सगळ्यात लांब मुदतीसमोर दिसतो. तो पाहून मुदत लांबवू नका.

दामदुप्पट ठेवींची पाटी वाचतानाही हेच भान ठेवा. '९६ महिन्यांत दामदुप्पट' म्हणजे ८ वर्षांत १०० टक्के व्याज. भागिले आठ, साडेबारा टक्के! असं काउंटरवरचा माणूस सांगेल आणि गणित म्हणून ते चूकही नाही. पण दरवर्षीची खरी वाढ साधारण ९.०५ टक्के असते.

खरी वाढ काढायला भागाकार चालत नाही, मूळ काढावं लागतं. मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे दोन ओळींत होतं. पहिली ओळ बँकेची मुदतीअखेरची रक्कम देते, दुसरी पतसंस्थेची दरवर्षीची खरी वाढ:

```
=200000*(1+7%/4)^(4*5)
=((280000/200000)^(1/5)-1)*100
```

पहिलीचं उत्तर २,८२,९५५.६४ येईल, दुसरीचं ६.९६. म्हणजे ५ वर्षांसाठीचे पतसंस्थेचे ८ हे दरवर्षीच्या भाषेत ६.९६ आहेत आणि बँकेचे ७ हे ७.१९. बाबांना हे दोन आकडे दाखवा. दुसऱ्या ओळीत २८०००० च्या जागी कुठल्याही ठेवीची अखेरची रक्कम टाका, ५ च्या जागी तिची वर्षं. मग पाटीवर सरळव्याज असो, चक्रवाढ असो की दामदुप्पट, सगळे एकाच मापात येतात. चूक होते ती बहुधा पहिल्या ओळीत: दराला ४ नं भागलं जातं, पण घातांक ५ चाच राहतो. उत्तर २,१८,१२३ आलं तर ओळखा की तुम्ही २० ऐवजी पाचच तिमाह्या मोजल्यात.

इथपर्यंत वाचून तुम्ही बँकेकडे निघाला असाल तर जरा थांबा, कारण पतसंस्थेकडे एक प्रश्न विचारायचा राहिलाय: व्याज दरवर्षी काढून घेता येईल का?

सरळव्याजात तोटा कमी दरामुळे होत नाही. तुमचं झालेलं व्याज संस्थेकडे बिनव्याजी पडून राहतं म्हणून होतो. पहिल्या वर्षाचे १६,००० पुढची चार वर्षं तिथे नुसते बसून असतात. तेच दरवर्षी बचत खात्यात घेतले आणि तिथे ३ टक्के मिळाले असं धरलं, तर पहिले १६,००० चार वर्षं वाढतात, दुसरे तीन वर्षं, आणि पाचव्या वर्षाअखेर व्याजापोटी हातात सुमारे ८४,९०० रुपये असतात. बँकेच्या ८२,९५६ हून जवळजवळ दोन हजार जास्त, तेही साध्या बचत खात्यात ठेवून. बचत खात्याचा दर १.८ टक्क्यांच्या आसपास असला तरी बरोबरी होते. म्हणजे तेच ८ टक्के व्याज मुदतीअखेर घेतलं तर हरतं आणि दरवर्षी घेतलं तर जिंकतं.

अट एकच, ते १६,००० खर्च व्हायला नकोत. निवृत्त माणसाच्या बाबतीत ही अट पाळली जाईलच असं नाही, आणि पाळलीच पाहिजे असंही नाही. बाबांना ते पैसे औषधांना किंवा सोसायटीच्या देखभाल खर्चाला लागणार असतील, तर दरवर्षी हातात येणारं सरळव्याजच त्यांच्या सोयीचं. चक्रवाढ ही हात न लावणाऱ्याची ठेव आहे.

पोस्टाची मुदत ठेव या दोन्हींच्या मधली आहे. तिथे व्याज तिमाही चक्रवाढीनं मोजतात पण वर्षातून एकदा देतात. वर्षाच्या आत चक्रवाढ, वर्षाबाहेर सरळव्याज. आणि दिलेलं व्याज तुम्ही उचललं नाही तर त्यावर वेगळं काही मिळत नाही. व्याज तसंच राहू दिलं की वाढत जाईल असं समजून पाच वर्षं पोस्टात न फिरकणारे लोक आहेत. ते व्याज बचत खात्याला वळतं करून घ्यावं.

ठेव मध्येच मोडावी लागली तर वरचे तक्ते कामाला येत नाहीत. बँक तेव्हा ७ टक्के धरत नाही. जेवढे दिवस पैसे राहिले तेवढ्या मुदतीला ठेव करतानाच्या दिवशी जो दर होता तो धरते, आणि बहुतेक बँका त्यातून दंड म्हणून काही वजा करतात. समजा ३ वर्षांचा दर ६.७५ होता आणि दंड पाऊण टक्का, तर हिशेब ६ टक्क्यांनी होईल. तिसऱ्या वर्षाअखेर ४६,२८८ ऐवजी ३९,१२४ रुपये व्याज. सात हजारांचा फटका. पतसंस्थेचा नियम तिच्या पोटनियमांत आणि पावतीच्या मागे असतो. तो ठेव करण्याआधी वाचा. मध्येच पैसे लागण्याची शक्यता वाटत असेल तर एक २ लाखांची ठेव न करता ५०-५० हजारांच्या चार पावत्या करा. व्याज तेवढंच येतं, आणि गरज पडली तर एकच मोडते.

आणि आता ज्याला टक्केवारीत बसवता येत नाही ते. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे: एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढवली. पतसंस्था ही बँक नाही, तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. नावात 'सहकारी' दोन्हीकडे असतं, त्यामुळे इथे भल्याभल्यांची गल्लत होते. संस्थेचा ताळेबंद आणि लेखापरीक्षणाचा वर्ग मागून बघा, सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. तरीही निवृत्तीचे पैसे असतील तर दरवर्षी व्याज घेऊन मिळणाऱ्या त्या दोन हजारांसाठी मी बिनविम्याचा पर्याय निवडणार नाही. बाबांकडे इतरत्र पुरेशी शिल्लक असेल तर गोष्ट वेगळी.

टीडीएसची काळजी या एका ठेवीपुरती नको. एप्रिल २०२५ पासून बँकेची मर्यादा एका आर्थिक वर्षात ५०,००० रुपये व्याजाची आहे, ज्येष्ठ नागरिकांना १ लाखाची. तुमचं व्याज सगळ्यात मोठ्या वर्षातही १८,९७० आहे. पण त्याच बँकेत बाबांच्या आणखी ठेवी असतील तर सगळ्यांचं व्याज एकत्र मोजतात. चक्रवाढ ठेवीत पैसे हातात आलेले नसले तरी दरवर्षी जमा झालेलं व्याज त्यात धरतात. कापलेला कर पुढच्या व्याजाच्या पायातून जातो, म्हणून अशा पावतीवर छापलेली मुदतीअखेरची रक्कम आणि मिळालेली रक्कम जुळत नाही. बँकेनं फसवलं असं वाटून भांडायला जाण्याआधी टीडीएस बघा.

बँकेतून पावती हातात आली की काउंटर सोडण्याआधी तीन गोष्टी वाचा. व्याजदर ७.०० आहे ना, तिथे ८.३० लिहिलेलं नसणार, आणि त्यावरून वाद घालू नका. व्याजाचा प्रकार 'मुदतीअखेर, पुनर्गुंतवणूक' आहे ना. तिथे 'मासिक' किंवा 'तिमाही' असेल तर व्याज बचत खात्यात येत राहील आणि ठेवीत चक्रवाढ होणारच नाही. हा फरक अर्जावरच्या एका चौकटीतल्या खुणेनं पडतो, आणि अर्ज बहुतेकदा काउंटरपलीकडचा माणूसच भरतो. आणि मुदतीअखेरची रक्कम २,८२,९५६ च्या आसपास आहे ना. दिवसांच्या मोजणीमुळे चार-दोन रुपये इकडेतिकडे होतील. तिथे २,७०,००० छापलेलं दिसलं तर समजा की सात टक्के सरळव्याजाची ठेव झाली आहे, आणि पावती त्याच दिवशी बदलून घ्या.